जाहिरातीहून कमी विद्यावेतन

गेल्या वर्षीं आमच्या नरपडचा एक जुना विद्यार्थी हातांत पत्र घेऊन माझ्याकडे आला. बोईसरच्या एका कारखान्याच्या जाहिरातींत विद्यावेतन 8,000 ते 10,000 रुपये होतें. नेमणुकीच्या पत्रांत मात्र 7,000. "गुरुजी, भांडूं कीं गप्प बसूं?" त्यानें विचारलें.

मी म्हटलें, दोन्ही नको. होकार देण्यापूर्वीं लिही. सही झाल्यावर मागणीचें बळ उरत नाहीं. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालचा करार असता, तर किमान विद्यावेतन नियमानेंच ठरलें असतें. त्याहून कमी देतां येत नाहीं. त्याचा करार तसा नव्हता, म्हणून विनंतीचाच मार्ग होता.

पत्रांत त्यानें आभार मानले, जाहिरातीची तारीख व ती ओळ उतरविली आणि विचारलें, "हा फरक नजरचुकीनें आहे, कीं माझ्या पात्रतेमुळें?" त्यानें 10,000 न मागतां 8,000 च मागितले, कारण स्वतः छापलेला खालचा आंकडा नाकारणें देणारासही अवघड जातें. पुढें पर्याय दिला: तें न जमल्यास नरपड ते डहाणू रोड स्टेशन रिक्षाचे महिन्याचे 1,200 रुपये व रेल्वेचा पास प्रवासभत्ता म्हणून मिळावा.

उत्तर आलें: विद्यावेतन 7,000 च, रिक्षाचे 1,200 मान्य, पास नामंजूर. तें लेखी घेऊन मगच त्यानें सही केली.

मात्र जाहिरातींत केवळ "10,000 पर्यंत" असें असतें, तर त्याला हा आधार मिळालाच नसता.