छायाचित्रातील शाब्दिक उदाहरण : मांडणीपूर्वीचे वाचन
(शिक्षकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यार्थी अडलेल्या उदाहरणाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून आपल्याकडे पाठवितो आणि आपण लगेच आकडेमोडीला बसतो. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात आधी तीन प्रश्न विचारावयास सांगितले : काढावयाचे काय, दिलेले काय आणि अट कोणती? छायाचित्राच्या बाबतीत त्याआधी चौथा प्रश्न येतो, तो म्हणजे मजकूर बरोबर वाचला गेला काय?

असे एक उदाहरण घेऊ. टाकीची आतील लांबी ३ मीटर, रुंदी २ मीटर, उंची १.५ मीटर. टाकी निम्मी भरलेली आहे. नळाने मिनिटास २५ लिटर पाणी येते, गळतीने १० लिटर जाते. टाकी काठोकाठ केव्हा भरेल?

प्रथम मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवावा आणि संशयित अंकाखाली रेघ ओढावी. पुसट चित्रात दशांशचिन्ह हरवते आणि १.५ चे १५ होतात. तीन मीटर लांबीची टाकी पंधरा मीटर उंच असणे संभवत नाही, म्हणून चूक ध्यानी येते. १ चा ९ वाचला गेला तर गळती ९० लिटर होईल. मग टाकी भरणारच नाही, उलट रिकामी होईल. येथे अटच वाचन तपासते.

आता काढावयाचे : वेळ, मिनिटांत. दिलेले : तीन मापे व दोन वेग. ‘निम्मी’ आणि ‘काठोकाठ’ हे शब्द अंक नाहीत, म्हणून मुले ते सोडून देतात. परंतु अट त्यांतच आहे. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर, हे उदाहरणात लिहिलेले नसते, तेही दिलेल्यांतच नोंदवावे. गळतीचा वेग कायम धरला आहे, हे गृहीतकही लिहावे. (प्रत्यक्षात पाण्याची पातळी वाढली की तळाची गळती वाढते, हे ग्रामपंचायतीच्या सभासदांना सांगावयास नको.)

एवढे झाले की योजना आपोआप दिसते. धारणक्षमता ९ घनमीटर, म्हणजे ९००० लिटर. भरावयाचे ४५०० लिटर. मिनिटास निव्वळ वाढ १५ लिटर. वेळ ३०० मिनिटे, म्हणजे ५ तास. ताळा असा की या वेळात ७५०० लिटर आले, ३००० गेले, उरले ४५००.

मात्र २५ ऐवजी २६ वाचले गेले असते, तर उत्तर २८१.२५ मिनिटे आले असते आणि त्यात विसंगत काहीच दिसले नसते. उत्तर पूर्णांकी आले म्हणून वाचन बरोबर, असेही मानता येत नाही. ५ व ६ यांत असा संशय असेल, तर तर्क न लढविता विद्यार्थ्याकडून दुसरे छायाचित्र, चांगल्या उजेडात आणि पान सपाट ठेवून काढलेले, मागवून घ्यावे.