जुन्या सहकारी ताईसाठी चार वाक्यं



मी लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात हिशेब बघते. तिथं माझ्या शेजारच्या टेबलावर एक ताई तीन वर्षं होत्या. यजमानांची बदली झाली आणि त्या पुण्याला गेल्या. दोन वर्षं घरी होत्या, आता पुन्हा नोकरी शोधतायत. परवा त्यांचा फोन आला, "अगं, लिंक्डइनवर माझ्यासाठी दोन ओळी लिहितेस का?"

लिंक्डइन म्हणजे नोकरीधंद्याच्या ओळखीचं संकेतस्थळ. तिथं आपल्या पानावर जुन्या सहकाऱ्याने लिहिलेली शिफारस दिसते.

मी लगेच लिहिलं, "ताई अतिशय मनमिळाऊ, कष्टाळू, प्रामाणिक आहेत. त्यांना खूप शुभेच्छा." पाठवायच्या आधी लेकीला दाखवलं. ती म्हणाली, "आई, नाव बदललं तर हे आपल्या शेजारच्या काकूंनाही चालेल की!" पोरीचं बरोबर होतं. त्या तीन शब्दांत ताईंचं काम कुठंच नव्हतं.

मग मी आठवत बसले. ताई नसत्या तर ऑफिसात काय अडलं असतं? जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की नांदेड, परभणी, उदगीरकडून पालक यायचे. कुणी फी दोन हप्त्यांत भरणार, कुणी सोयाबीन विकल्यावर. हे सगळं तोंडी ठरायचं आणि महिनाअखेरीला भांडणं व्हायची. ताईंनी एक वही घातली. पालकाचं नाव, हप्त्याची तारीख, काय ठरलं ते, आणि खाली पालकाची सही. पुढे तीच वही त्यांनी एक्सेलमध्ये उतरवली. माझा हिशेब जुळायला तीन दिवस लागायचे, तो एका दिवसात जुळायला लागला.

मग नव्यानं लिहिलं ते असं:

"लातूरच्या कोचिंग क्लासमध्ये आम्ही तीन वर्षं एकत्र काम केलं. प्रवेश आणि फीचे हप्ते त्यांच्याकडे होते, हिशेब माझ्याकडे. तोंडी ठरणारे हप्ते त्यांनी सहीसह नोंदवायला सुरुवात केली. त्यामुळे पालकांशी होणारे वाद कमी झाले आणि माझं तीन दिवसांचं काम एका दिवसावर आलं. गर्दीतही पालकांशी शांतपणे बोलणारी व्यक्ती जिथं हवी, तिथं मी त्यांचं नाव आधी सुचवेन."

एवढंच. आधी आमची ओळख कशी, मग त्यांचं काम, मग एक घडलेली गोष्ट आणि तिचा परिणाम, शेवटी कुठल्या कामाला त्या योग्य. तिथं तीन हजार अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण नेमणूक करणाऱ्याला तेवढा वेळ नसतो. पुण्यात वाचणारे मराठीच असतील असं नाही, म्हणून हाच मजकूर लेकीकडून साध्या इंग्रजीत करून घेतला.

ताईंनी एक विनंती केली होती, "मला मॅनेजर म्हण ना." मी नाही म्हटलं. मुलाखतीत कुणी विचारलं, "तुमच्या हाताखाली किती जण होते?" तर अडचण त्यांचीच होणार. शिवाय शिफारशीशेजारी माझं नाव, फोटो आणि मी काय काम करते तेही दिसतं. खोटं निघालं तर शब्द माझा जातो. खरं आणि नेमकं लिहिलं तर वाचणाऱ्याला कळतं की ही बाईही काम नीट बघते.

दोन गोष्टी मी मुद्दाम लिहिल्या नाहीत. एक, त्यांची दोन वर्षांची खंड पडलेली नोकरी. ते सांगायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं. दुसरी, ऑफिसची थकबाकी आणि पगाराचे आकडे. ते आपले नाहीतच.

आता पाठवायचं कसं? दोघी आधी तिथं एकमेकींशी जोडलेल्या हव्यात. ताईंचं पान उघडून More दाबायचं, त्यात Recommend निवडायचं. आपलं नातं काय होतं आणि त्या तेव्हा कोणत्या पदावर होत्या, ते निवडायचं. इथं "एकाच टीममध्ये" आणि "मी वरिष्ठ होते" यात घोळ करू नका. मजकूर आधी त्यांच्याकडे जातो. त्यांनी मान्य केल्यावरच पानावर दिसतो, आणि त्या बदलही मागू शकतात. ताईंनी एक बदल मागितला, "एक्सेलचा उल्लेख कर." तो खरा होता, मी घातला.

ताई लगेच म्हणाल्या, "आता मीही तुझ्यासाठी लिहिते." मी म्हटलं, जरा थांबा. एकाच दिवशी दोघींनी एकमेकींना लिहिलं, तर वाचणाऱ्याला ती देवाणघेवाणच वाटते.

तुमच्या शेजारच्या टेबलावरची बाई उद्या असंच विचारेल. तेव्हा आधी आठवा, ती नसती तर काय अडलं असतं? तेच लिहा.