तुकडीत मुलं किती?



शाळाप्रवेशाच्या दिवसांत पालक हमखास विचारतात, 'एका तुकडीत मुलं किती?' मुलं कमी असली की शिक्षण चांगलं होणार, हे आपण गृहीतच धरलेलं असतं. संशोधन मात्र कधी हो म्हणतं, कधी नाही. असं का होतं, एवढाच आजचा विषय.

पहिली अडचण साधी आहे. लहान आणि मोठ्या तुकड्यांचे निकाल शेजारी ठेवले, तर त्यातून काहीच कळत नाही. काही मुख्याध्यापक कच्ची मुलं मुद्दाम लहान तुकडीत बसवतात. उलट, नावाजलेल्या शाळेत प्रवेशाची रीघ लागते आणि तिथले वर्ग भरगच्च होतात. मग मोठ्या तुकड्याच हुशार दिसू लागतात. यावर सर्वांत खात्रीचा उपाय: कोणतं मूल कुठे बसणार, हे चिठ्ठी टाकून ठरवायचं.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने 1985 मध्ये नेमकं हेच केलं. 79 शाळा आणि चार वर्षांत मिळून अकरा हजारांहून जास्त मुलं. बालवर्ग ते तिसरीपर्यंत काहींच्या वर्गात 13 ते 17 मुलं, काहींच्या 22 ते 25, आणि तिसऱ्या गटात मोठाच वर्ग, पण शिक्षकाला मदतनीस. अर्थात पालक स्वस्थ बसले नाहीत; दरवर्षी काही मुलं मोठ्या वर्गातून लहान वर्गात सरकली. म्हणून अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅलन क्रूगर यांनी मूल पुढे कुठे बसलं हे बाजूला ठेवलं आणि पहिली चिठ्ठी कोणती निघाली होती त्यावरून हिशेब पुन्हा मांडला. शंभर मुलं गुणांनुसार ओळीत उभी केली, तर लहान वर्गातलं मूल पहिल्याच वर्षी सुमारे चार जागा पुढे गेलं. गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांना फायदा जास्त झाला. मदतनिसाने जवळजवळ काहीच फरक पडला नाही.

हा निकाल पक्का आहे, असं माझं मत आहे. पण तो कुठला आहे तेही बघा. एकाच शाळेत तिन्ही प्रकारचे वर्ग हवेत, म्हणजे एका इयत्तेत निदान 57 मुलं हवीत. छोट्या शाळा आपोआप वगळल्या गेल्या. शिवाय 79 शाळांपुरते जादा शिक्षक मिळणं काही अवघड नव्हतं.

1996 मध्ये कॅलिफोर्नियाने हीच गोष्ट राज्यभर करायला घेतली. तीसच्या आसपासचे वर्ग विसावर आणायचे, म्हणजे हजारो शिक्षक एकदम हवेत. सुखवस्तू वस्त्यांतल्या शाळांत जागा निघाल्या, गरीब वस्त्यांतले अनुभवी शिक्षक तिकडे गेले, आणि त्यांच्या जागी नवखे, पात्रता पूर्ण न झालेले आले. वर्ग लहान झाल्याचा फायदा झाला, पण नवख्या हातांनी त्यातला बराचसा खाऊन टाकला. मग 'तुकडी लहान केल्याचा परिणाम' म्हणून नेमकं काय मोजायचं?

आता घराजवळचं उदाहरण. मुंबई महापालिकेच्या शाळांत 'प्रथम' संस्थेचा बालसखी उपक्रम चालायचा. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वर्गाबाहेर नेऊन वस्तीतलीच एक तरुणी त्यांच्याकडून वाचन आणि बेरीज-वजाबाकी पक्की करून घेई. मुंबई आणि बडोद्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकूनच याचा अभ्यास केला. बाहेर गेलेली मुलं चांगलीच सुधारली. पण मला महत्त्वाची वाटतात ती वर्गातच राहिलेली. त्यांच्या वर्गात रोज दोन तास पंधरा-वीस मुलं कमी, तीही सर्वांत कच्ची. शिक्षक तेच, नेहमीचे, पात्र. तरी या मुलांच्या गुणांत दखल घ्यावी असा फरक दिसला नाही.

याचं एक कारण मला असं दिसतं: चाळीस मुलं असोत की साठ, मास्तर फळ्यावर तेच लिहितात आणि मुलं तेच उतरवून घेतात. मोकळा झालेला वेळ एकेका मुलाची वही बघण्यात गेला, तरच संख्येला अर्थ येतो. केनियातल्या एका प्रयोगात तर जादा कंत्राटी शिक्षक नेमून वर्ग सरासरी 82 वरून 44 वर आणला, तरी आधीच्या कायम शिक्षकांकडे राहिलेल्या मुलांचे गुण फारसे हलले नाहीत. जोडीला माणूस आल्यावर त्या शिक्षकांनी आपलीच मेहनत कमी केली होती. कंत्राटी शिक्षकांकडे गेलेली मुलं मात्र पुढे गेली.

आणि आपल्याकडे तर आकडाच फसवा असतो. शिक्षणहक्क कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक दिले. चौथीपर्यंतच्या शाळेत चाळीस मुलं असली, तर संचमान्यतेच्या कागदावर शिक्षकामागे वीस, म्हणजे टेनेसीच्या जवळपास. प्रत्यक्षात एकेका शिक्षकाकडे दोन इयत्ता. पहिलीला अक्षरं गिरवायला लावून गुरुजी दुसरीच्या गणिताकडे वळतात, आणि जोडीदार मतदारयाद्यांच्या कामाला गेला, की त्या दिवशी चारही इयत्ता त्यांच्या एकट्याच्या समोर बसलेल्या असतात.