वेतनचिठ्ठीतील वजावटी

महिनाअखेरीस हातात पडणाऱ्या वेतनचिठ्ठीचा बहुतेकांच्या लेखी एकच आकडा खरा असतो, आणि तो म्हणजे तळाशी लिहिलेली निव्वळ रक्कम. ती अपेक्षेइतकी असली की चिठ्ठी घडी होऊन खणात जाते. कमी असली की वजावटींच्या रकान्याकडे नजर वळते, आणि तेथे जो आकडा सर्वांत अनोळखी, तोच अपराधी ठरतो. मग वेतनशाखेकडे रागाचे एक पत्र जाते. त्याचे उत्तर येते की ती वजावट नियमानुसारच आहे. आणि ते उत्तर पुष्कळदा बरोबरही असते. कारण चूक असते ती दुसऱ्याच ओळीत, आणि तिच्याविषयी पत्रात अवाक्षरही नसते.

वेतनचिठ्ठी खालून वर वाचायची नसते, वरून खाली वाचायची असते. तिच्या माथ्यावर महिन्याचे दिवस आणि पगारी दिवस असे दोन लहान आकडे छापलेले असतात. खालची जवळजवळ प्रत्येक रक्कम या दोन आकड्यांतून निघते. ते चुकले तर पुढचा सारा हिशेब अचूक असूनही चुकीचा ठरतो.

हे एका उदाहरणाने पाहणे सोयीचे होईल. पुण्यातील एका खाजगी कारखान्याच्या भांडारात १ एप्रिल २०२४ रोजी एक लेखनिक बाई दरमहा २०,४०० रुपयांवर रुजू झाल्या, असे समजू. तीन महिन्यांनी त्या कायम झाल्या आणि १ जुलैपासून त्यांचे वेतन २४,००० रुपये झाले. त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १३,५०० रुपये, आणि घरभाडे व इतर भत्ते मिळून १०,५०० रुपये. सप्टेंबरची चिठ्ठी आली तेव्हा तळाशी रक्कम होती २०,५२० रुपये. वजावटी तीन होत्या : भविष्यनिर्वाह निधी १,५१२ रुपये, कर्मचारी राज्य विमा १६८ रुपये आणि व्यवसाय कर २०० रुपये. माथ्यावर महिन्याचे दिवस ३० आणि पगारी दिवस २८ असे लिहिलेले होते.

बाईंची नजर प्रथम गेली ती राज्य विम्याच्या ओळीवर. ही योजना त्या वेळी महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना लागू होती, हे त्यांना ठाऊक होते. आपले वेतन तर जुलैपासूनच त्या मर्यादेपलीकडे गेले; मग ही वजावट कशासाठी? शंका स्वाभाविक होती, पण वजावट बरोबर होती. राज्य विम्याचे वर्ष दोन वर्गणीकालांत विभागलेले असते : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. वर्गणीकालाच्या आरंभी जो कर्मचारी मर्यादेच्या आत असतो, त्याचे वेतन मध्येच वाढले तरी तो काल संपेपर्यंत त्याची वर्गणी चालू राहते, आणि ती वाढलेल्या वेतनावर घेतली जाते. कर्मचाऱ्याच्या वर्गणीचा दर जुलै २०१९ पासून शेकडा पाऊण रुपया ठरला होता. तेव्हा सप्टेंबरची वजावट योग्य होती. तीच ओळ ऑक्टोबरच्या चिठ्ठीत पुन्हा दिसली असती, तर मात्र विचारणा करण्याजोगे कारण घडले असते.

ज्या ओळीकडे त्यांनी सवयीने दुर्लक्ष केले होते, ती व्यवसाय कराची. महाराष्ट्रात हा कर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाकाठी २,५०० रुपये असा कापला जातो. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने घातलेली कमाल मर्यादाही तेवढीच आहे. फेब्रुवारीत शंभर रुपये अधिक गेलेले पाहून पुष्कळजण दचकतात; ते कारण नसताना. परंतु १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिना २५,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या स्त्रियांना हा कर माफ झाला. त्यापूर्वी त्यांच्यासाठी ही मर्यादा १०,००० रुपये होती. या बाईंचे वेतन २४,००० रुपये. अर्थात त्यांच्याकडून एक रुपयाही घ्यावयास नको होता. अशी चूक बहुधा दुष्टाव्याने होत नाही. वेतनाच्या संगणकातील जुना तक्ता बदलायचा राहून जातो, किंवा कर्मचाऱ्याच्या नोंदीत स्त्री-पुरुष हा रकाना चुकीचा भरलेला असतो. चिठ्ठी यंत्रातून निघते म्हणून ती निर्दोष असते, असे नव्हे. यंत्रात जे घातले, तेच बाहेर येते.

याच कराची आणखी एक चूक महाराष्ट्राबाहेर बदलून गेलेल्या मराठी माणसांच्या वाट्याला येते. व्यवसाय कर हा राज्याचा कर आहे. सर्व राज्ये तो घेत नाहीत, आणि घेतात त्यांचे दरही सारखे नाहीत. दिल्लीत तो मुळीच नाही. पुण्याहून दिल्लीच्या शाखेत गेलेल्या माणसाच्या नोंदीत कामाचे ठिकाण बदलले गेले नाही, तर महिनोन्महिने २०० रुपये कापले जात राहतात, आणि रक्कम लहान म्हणून कोणी हूं की चूं करीत नाही.

आता माथ्यावरच्या दोन आकड्यांकडे वळावयास हवे. बाई सप्टेंबरात दोन दिवस कामावर नव्हत्या. त्यांपैकी एका दिवसाची रजा शिल्लक नव्हती, म्हणून तो दिवस बिनपगारी जाणार हे त्यांना मान्यच होते. दुसरा दिवस २४ तारखेचा. त्या दिवसाच्या किरकोळ रजेला साहेबांची मंजुरी मिळाली ती २७ तारखेला. पण कारखान्याचा हजेरीपट २५ तारखेसच बंद होऊन वेतनशाखेकडे जात असे, आणि पुढचे दिवस हजेरीचे धरले जात. पट बंद झाला त्या घटकेला ती रजा मंजूर नव्हती, म्हणून तो दिवसही बिनपगारी ठरला. मंजुरी उशिरा आलेल्या रजेची ही गत नेहमीचीच आहे. पगारी दिवस २८ नव्हे, २९ असायला हवे होते.

या ठिकाणी भाजकही तपासावा लागतो. या कारखान्यात महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी भागण्याची पद्धत होती, म्हणून २४,००० भागिले ३० असे दिवसाचे ८०० रुपये झाले. काही ठिकाणी २६ ने भागतात. तेव्हा एक दिवस अधिक महाग पडतो. नेमणूकपत्रात किंवा रजेच्या नियमांत जो भाजक दिलेला असेल तोच चिठ्ठीत वापरला आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय दिवसाची किंमत निश्चित होत नाही.

यानंतर हिशेब नव्याने मांडला की सारे उलगडते. २९ दिवसांचे वेतन २३,२०० रुपये. मूळ वेतन व महागाई भत्ता दिवसाचे ४५० रुपये, म्हणजे २९ दिवसांचे १३,०५० रुपये. त्यावर शेकडा १२ प्रमाणे भविष्यनिर्वाह निधी १,५६६ रुपये. राज्य विमा २३,२०० रुपयांवर १७४ रुपये. व्यवसाय कर शून्य. एकूण वजावट १,७४० रुपये आणि निव्वळ वेतन २१,४६० रुपये. चिठ्ठीत होते २०,५२०. फरक ९४० रुपयांचा.

हा आकडा नीट न्याहाळण्याजोगा आहे. एक दिवसाचे ८०० आणि कराचे २०० मिळून १,००० रुपये यायला हवेत, असे वरवर पाहता वाटते. परंतु तो एक दिवस पगारी ठरताच निधीची वजावट ५४ रुपयांनी आणि विम्याची ६ रुपयांनी वाढते. म्हणून येणे निघते ते ९४० रुपयांचेच. हजारांची मागणी केली असती, तर वेतनशाखेने प्रथम त्या साठ रुपयांची चूक दाखवली असती आणि मूळ मुद्दा तसाच पडून राहिला असता.

एका चिठ्ठीत सापडलेली चूक सहसा एकटी नसते. दिवसांची चूक त्या महिन्यापुरती असते. पण तक्त्यातली चूक दर महिन्याला उमटते. बाईंनी खणातल्या घड्या उलगडल्या तेव्हा एप्रिल ते ऑगस्ट या पाचही चिठ्ठ्यांत व्यवसाय कराचे २०० रुपये आढळले. ते १,००० रुपये धरून एकंदर येणे १,९४० रुपयांचे झाले.

आजची चिठ्ठी तपासणाऱ्याने एक भेद ध्यानी धरावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि त्यांत ‘वेतन’ या शब्दाची व्याख्याच बदलली. घरभाडे भत्त्यासारख्या काही रकमा वेतनातून वगळल्या जातात. पण अशा वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. म्हणून त्यानंतरच्या चिठ्ठीत वजावटीच्या दराइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो तो हा, की तो दर कोणत्या रकमेवर लावला आहे. प्राप्तिकराची ओळही या पद्धतीने पारखता येत नाही. तो साऱ्या वर्षाच्या अंदाजावर कापला जातो. एका महिन्याच्या चिठ्ठीवरून त्याची चूक सिद्ध होत नाही.

एवढी तयारी झाली म्हणजे पत्र लांब लिहावे लागत नाही. बाईंच्या पत्रात कर्मचारी क्रमांक व महिना यांच्याखाली दोनच मुद्दे होते. पहिला : २४ सप्टेंबरची रजा २७ तारखेस मंजूर झाली असून मंजुरीची प्रत सोबत जोडली आहे, तरी पगारी दिवस २९ धरावेत. दुसरा : वेतन २५,००० रुपयांच्या आत असल्याने स्त्री कर्मचारी म्हणून व्यवसाय कर लागू नाही, तरी एप्रिलपासूनच्या सहा चिठ्ठ्यांतील वजावट तपासावी व नोंद दुरुस्त करावी. त्यांखाली आपला हिशेब, आणि शेवटी दुरुस्ती कोणत्या महिन्याच्या वेतनात होईल ते कळवावे, ही विनंती. राज्य विम्याविषयी त्यात एक शब्दही नव्हता, आणि पत्राचे निम्मे बळ त्या न लिहिलेल्या वाक्यात होते. वेतनशाखेतील लेखनिकाला त्यात खोडण्यासारखे काही उरले नव्हते. उरले होते ते केवळ पडताळणे.

दुरुस्ती झाल्यावरही काम संपत नाही. पुढच्या चिठ्ठीत थकबाकीची रक्कम स्वतंत्र ओळीत आली आहे की नाही, तीवर निधीची वर्गणी लागली आहे की नाही आणि व्यवसाय कराची ओळ खरोखर नाहीशी झाली आहे की नाही, हे पाहावे लागते. चिठ्ठीत कापलेला भविष्यनिर्वाह निधी आपल्या खात्यावर जमा झाल्याची खातरजमा निधी संघटनेच्या खातेपुस्तिकेतच होते. कारण वेतनचिठ्ठी सांगते ते एवढेच, की पैसे कापले. ते पोचले की नाही, हे सांगणे तिच्या अधिकारात नाही.