गटवार तक्त्यामागचं सत्य

कोणता रुग्ण पुढे जास्त आजारी पडेल, याचा अंदाज आता संगणक बांधतो. हा अंदाज सर्वांसाठी सारखाच खरा ठरतो का, हे शोधनिबंधातल्या गटवार तक्त्यावरून कळतं. पण तक्ता चोख असूनही अन्याय लपू शकतो.

२०१९ मध्ये झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या अशाच एका प्रणालीची तपासणी मांडली. जादा देखभाल कोणाला द्यायची, हे ती गुणांकावरून सुचवत असे. समान गुणांकाच्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या रुग्णांचा उपचारखर्च जवळपास सारखाच येत होता. मग संशोधकांनी त्याच गुणांकावर त्यांचे दीर्घकालीन आजार मोजले, तेव्हा कृष्णवर्णीय रुग्ण जास्त आजारी निघाले. प्रणाली आजाराचा नव्हे, तर खर्चाचा अंदाज बांधत होती. आणि उपचार मिळण्यातल्या अडचणींमुळे, आजार तितकाच असूनही, कृष्णवर्णीय रुग्णांवर खर्चच कमी होत होता. ही तफावत दूर केली, तर जादा मदत मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असं दिसलं.

म्हणून निबंध हाती आला की आधी पाहा, अंदाज नेमका कशाचा बांधला आहे. मग पाहा, ज्या आजाराचा अंदाज बांधला, तो प्रत्येक गटात प्रत्यक्ष किती जणांना झाला. ही संख्या अगदी लहान असेल, तर दोन-चार नोंदींनीही अचूकतेचा आकडा बदलतो. त्या आकड्यासोबत अनिश्चिततेची मर्यादा दिलेली नसेल, तर ‘प्रणाली निष्पक्ष आहे’ हा दावा मान्य करू नका.