हातचा कोण धरतो?



पत्रिकेवर माझा विषय ‘संगणकापूर्वीची गणकयंत्रे’ असा छापला आहे. विषय मोठा आहे आणि माझ्याकडे तासाभराचाच वेळ आहे, म्हणून मी एकाच मुद्द्यावर उभा राहणार आहे. दातेरी चाकांची यंत्रं बेरीज कशी करायची, असं विचारलं की लोक चाकं मोजायला लागतात. माझं म्हणणं असं, की बेरजेचा भाग सोपाच आहे. दहा दात्यांचं चाक तीन दाते फिरवलं, मग आणखी चार फिरवलं, की सात झाले. हे कुणीही घड्याळजी करून देईल. खरा प्रश्न हातच्याचा आहे. चाक नवावरून शून्यावर आलं की शेजारच्याला एक द्यायचा, तो कुणी द्यायचा, कधी द्यायचा आणि त्याला जोर कुठून आणायचा? अडीचशे-तीनशे वर्षं माणसं या एकाच प्रश्नाशी झगडत होती.

जोराची गोष्ट आधी. 1623 साली जर्मनीत ट्यूबिंगेनच्या विल्हेल्म शिकार्ड यानं जे यंत्र केलं त्यात प्रत्येक चाकाला एक जादा दाता होता. चाकाचा पूर्ण फेरा झाला की तो दाता पुढच्या चाकाला एक घर ढकलायचा. स्कूटरच्या किलोमीटरच्या आकड्यांसारखंच. आता 99999 मध्ये 1 मिळवा. एकंचं चाक दहंला ढकलणार, दहं शतंला, आणि हे सगळं त्याच क्षणी. म्हणजे पाच चाकं हलवायचा जोर एकट्या एकंच्या चाकाच्या दात्यावर आला. चाकं वाढवत गेलात तर एक तर दाता मोडेल, नाहीतर यंत्र अडकून बसेल.

पास्कालनं यावर जे उत्तर काढलं ते मला आजही फार मोठं वाटतं. मुलगा एकोणीस वर्षांचा, साल 1642, वडील रुआँला करवसुलीचे अधिकारी. त्यांच्या हिशेबासाठी हे यंत्र. त्यानं प्रत्येक चाकापाशी एक वजनदार तरफ ठेवली. चाक वरच्या अंकांकडे सरकताना ती तरफ हळूहळू उचलली जाते. नवावरून शून्य आलं की ती सुटते, खाली पडते आणि पडताना शेजारच्या चाकाला एक घर पुढे लोटते. म्हणजे हातच्याचा जोर आधीच थोडा थोडा साठवलेला असतो. 99999 ला प्रत्येक चाकाची स्वतःची तरफ उचलून तयार असते, शेजाऱ्याच्या जिवावर कुणीच नसतं.

त्याची किंमत मात्र मोजावी लागली. तरफ एकाच दिशेनं काम करते, म्हणून चाकं उलटी फिरवता येत नाहीत. मग वजाबाकी कशी करायची? पास्कालनं नवातून उरणारे अंक वापरले. 52 वजा 17 करायचेत. 52 चे नवातून उरणारे अंक 47. त्यात 17 मिळवले की 64. 64 चे पुन्हा नवातून उरणारे अंक 35. आणि 52 वजा 17 म्हणजे 35 च. यंत्रावर दोन्ही प्रकारचे अंक छापलेले होते, पट्टी सरकवली की हवे ते दिसायचे. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

लायब्निझ गुणाकारासाठी पुढे आला. त्याचा नऊ लांबट दात्यांचा ढोल प्रसिद्ध आहे. दाते चढत्या लांबीचे, त्यामुळे चाक ढोलावर जिथे सरकवाल तितकेच दाते त्याला लागतात. 1673 मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे लाकडी नमुना दाखवला. ढोल उत्तम होता, हातच्यानं मात्र दगा दिला. हातच्यामुळेच पुढे आणखी हातचा निर्माण झाला, तर तो आपोआप पुढे जात नसे. यंत्राच्या वरच्या बाजूला पंचकोनी तबकड्या होत्या; एखाद्या तबकडीचा कोपरा वर आलेला दिसला की हातचा अडकला आहे असं समजायचं आणि तो हातानं ढकलायचा. इतका मोठा गणिती, आणि शेवटचा हातचा माणसाच्याच हाती राहिला!

(पहिल्या रांगेतून एक चिठ्ठी आली.) विचारलंय, बॅबेजला तुम्ही वगळलं, हा अन्याय नाही का? अन्याय अजिबात नाही, उलट माझ्याच म्हणण्याचा तो पुरावा आहे. लंडनच्या सायन्स म्युझियमनं 1991 मध्ये बॅबेजच्या आराखड्यावरून त्याचं दुसरं डिफरन्स इंजिन बांधून चालवलं. त्याच्या मागच्या बाजूला सर्पिल जिन्यासारखे चढत गेलेले दांडे दिसतात, ते सगळे हातच्यासाठी आहेत. हातचे एकदम न देता एकामागून एक देणारे. बॅबेजचा भक्त असाल तर यंत्राची पुढची बाजू सोडून मागे जाऊन उभे राहा. (टाळ्या)

ती सर्पिल मांडणी नीट कळायला हे टेबलावरचं यंत्र बघू. हा ओडनरचा प्रकार. विल्गोट ओडनर हा स्वीडिश अभियंता, सेंट पीटर्सबर्गला राहणारा. 1890 पासून त्याची यंत्रं तिथे कारखान्यात व्हायला लागली, आणि मग जर्मनीतल्या ब्रुन्सविगापासून रशियातल्या फेलिक्सपर्यंत सगळ्यांनी तीच घडण उचलली. आपल्याकडच्या सांख्यिकी विभागांत ज्यांनी हँडलं फिरवली आहेत, त्यांचे हात आत्ता शिवशिवत असतील.

लायब्निझच्या ढोलाऐवजी इथे चपट्या चकत्या आहेत. प्रत्येक चकतीत नऊ दाते, आत-बाहेर होणारे. वरची छोटी दांडी 7 वर आणली की सात दाते बाहेर येतात, बाकीचे आत राहतात. आता 347 गुणिले 26 करू. तीन दांड्या 3, 4, 7 वर. हँडलचा एक फेरा मारला की खालच्या उत्तरात 347 येतात. असे सहा फेरे. छोट्या मोजपट्टीत 6, उत्तरात 2082. आता खालचा गाडा एक घर उजवीकडे सरकवतो, म्हणजे तेच 347 आता दहं स्थानापासून मिळवले जाणार. दोन फेरे. मोजपट्टीत 26, उत्तरात 9022. यंत्राला गुणाकार येतच नाही, फक्त बेरीज येते. गुणाकार म्हणजे फेरे अधिक सरकवणं. म्हणून हुशार माणूस 98 नं गुणताना सतरा फेरे मारत नाही. शतंच्या घरात एक फेरा सुलटा, एकंच्या घरात दोन उलटे, काम संपलं.

आता हातचा. समजा 58 मध्ये 67 मिळवतोय. दहंच्या चाकाला स्वतःचे सहा दाते लागणार आणि एकंकडून आलेला एकही लागणार. दोन्ही एकाच क्षणी आले तर चाक एकदाच हलेल आणि एक हरवेल. म्हणून प्रत्येक चकतीवर नऊ दात्यांच्या मागे, थोड्या अंतरावर, हातच्याची एक स्प्रिंगवाली खुंटी असते. ती एरवी चाकाला न लागता बाजूनं निघून जाते. पण शेजारचं चाक नवावरून शून्यावर आलं की ते एक तरफ पुढे सरकवून ठेवतं. नंतर खुंटी तिथे पोचली की तरफेच्या उतारावरून बाजूला सरकते, चाकाला लागते आणि एक घर ढकलते. आणि या खुंट्या एका रेषेत नाहीत. प्रत्येक पुढच्या स्थानाची खुंटी जराशी मागे आहे. म्हणून 99999 मध्ये 1 मिळवला की ऐका... टक, टक, टक, टक, टक. एका फेऱ्याच्या शेवटच्या भागात पाच हातचे रांगेनं गेले. उलट फिरवण्यासाठी दुसरी खुंटी, दुसऱ्या क्रमानं. म्हणूनच फेरा अर्ध्यात सोडून उलटा फिरवायचा नसतो.

यावरून एक हकीकत, थोडक्यात सांगतो. आमच्या कॉलेजच्या सांख्यिकी प्रयोगशाळेत एका हिवाळ्यात एक यंत्र सकाळी चुकीचं उत्तर द्यायचं आणि दुपारी बरोबर. विद्यार्थी शपथेवर सांगायचे, सर, तेच आकडे आहेत. उत्तर कधी शंभरानं जास्त, कधी हजारानं. कमी कधीच नाही. दोन विद्यार्थ्यांत तर भांडण लागलं, कारण एकानं सकाळी आणि दुसऱ्यानं दुपारी तेच गणित केलं होतं. शेवटी यंत्रं दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी आकडेबिकडे विचारलेच नाहीत. सगळे नऊ भरले, 1 मिळवला. सगळी शून्यं आली. मग दांड्या शून्यावर ठेवल्या आणि हँडल पुन्हा फिरवलं. शून्य मिळवल्यावर शून्यच यायला हवं. शतंच्या घरात 1 उभा राहिला! म्हणजे हातच्याची खुंटी कामगिरी करून परत घरी आलीच नव्हती. स्प्रिंग तिला ओढत होती, पण ती चिकटून बसली होती, आणि पुढच्या फेऱ्यात नसलेला हातचा देत होती. त्यांनी झाकण काढलं, आत बोट फिरवलं आणि वास घेतला. खोबरेल! कुणीतरी मायेनं खोबरेल घातलं होतं. सकाळच्या थंडीत ते थिजायचं, दुपारी पातळ व्हायचं.

(मागून आवाज : “उन्हात ठेवायचं की!” हशा)

आमच्या शिपायानं तेच सुचवलं होतं. दोन दिवस आम्ही ठेवलंही. पण त्या गृहस्थांनी सगळं पेट्रोलनं धुऊन हलकं यंत्राचं तेल अगदी टोकानं लावलं. ज्यांच्याकडे अजून असं यंत्र असेल त्यांनी ही तपासणी करावी: सगळे नऊ, अधिक एक, आणि मग शून्याचा एक फेरा. दुसरीही आहे. शून्यातून एक वजा करा. घंटा वाजून डावीकडे शेवटपर्यंत नऊ दिसले पाहिजेत. मधूनच नऊ थांबून शून्यं सुरू झाली तर घाबरू नका. अनेक यंत्रांत हातच्याची सोय उत्तराच्या शेवटच्या घरापर्यंत नसतेच. तिथवर पोचणारं गणित मात्र त्या यंत्रावर करू नये.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं आहे. थोमा द कोल्मारचं आरिथमोमीटर राहिलं, भागाकार राहिला. पण कुर्टा या यंत्राबद्दल सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही, दोन मिनिटं द्या.

कुर्ट हेर्त्सश्टार्क व्हिएन्नाचा, गणकयंत्रांच्या धंद्यातल्या घरातला. नाझींनी त्याला बुखेनवाल्डच्या छळछावणीत डांबलं, आणि तिथे त्यानं मुठीत मावणाऱ्या यंत्राचे आराखडे काढले. 1948 पासून लिख्टेनश्टाइनमध्ये ते तयार व्हायला लागलं. एवढं लहान कसं झालं? प्रत्येक स्थानाला वेगळा ढोल न देता मध्ये एकच ढोल आणि बाकी सगळं त्याच्याभोवती गोल. आणि वजाबाकीला उलटे फेरे नाहीतच. हँडल थोडं वर ओढलं की ढोलाचे दुसरे दाते लागतात, नवातून उरणारे अंक मिळवणारे. पास्कालनं लाचारीनं केलेली तीच युक्ती इथे तीनशे वर्षांनी मुद्दाम निवडली गेली. कारण यंत्र नेहमी सुलटंच फिरणार असेल, तर हातच्याला एकच दिशा पुरते, आणि खुंट्यांचा दुसरा संच लागतच नाही.