पट्टी नवी कशी लिहायची
(जुन्नर-आंबेगावच्या गावबैठकीत केलेले भाषण)



आपला कांदा अडत्याकडं जातो आणि परत येते ती पट्टी. एवढासा कागद. त्यावर मालाची रक्कम, खाली 'खर्च' आणि शेवटी 'निव्वळ'. त्या 'खर्च' या एका शब्दात काय काय बसतं, ते आज आपण फोडून पाहू.

समजा, वीस पिशव्या गेल्या. पट्टीवर आलं: १००० किलो, रक्कम १२,९००, खर्च २,२९४, निव्वळ १०,६०६. बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. म्हणून आपण गप्प बसतो. पण हिशोब बरोबर म्हणजे कपात बरोबर, असं नाही.

हीच पट्टी आम्ही नव्यानं लिहिली. आधी माल, प्रतवारीनुसार:
एक नंबर, १४ पिशव्या, ७०० किलो, दहा किलोला १५० रुपये: १०,५००
गोल्टी, ६ पिशव्या, ३०० किलो, दहा किलोला ८० रुपये: २,४००
एकूण १२,९००

मग कपात, प्रत्येकीपुढं पिशव्या आणि दर:
मोटारभाडं, २० × ४०: ८००
हमाली, २० × ८: १६०
तोलाई, २० × ३: ६०
एकूण १,०२०

मालाचे उरले ११,८८०. मागं घेतलेली ५०० रुपये उचल त्याच्याही खाली, वेगळी. कारण उचल हा खर्च नाही, ती फेड आहे. हातात यायला हवे ११,३८०.

आले किती? १०,६०६. फरक ७७४ रुपये. बारा हजार नऊशेचे सहा टक्के काढा, बरोबर ७७४ येतात. म्हणजे अडत कापली, पण तिचं नाव कुठंच लिहिलं नाही. फळं-भाजीपाला आणि कांदा-बटाट्याची अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, ती खरेदीदारानं द्यायची, हा नियम राज्यात २०१६ पासून आहे. 'खर्च' असा एकच आकडा असला की ती सापडत नाही. ओळी सुट्या केल्या की लपायला जागा उरत नाही.

नव्या पट्टीलाही सगळं कळत नाही. वजनच कमी लिहिलं, पिशवीमागं किलोभर कडता धरला, तर खालचा सगळा हिशोब बरोबरच दिसेल. म्हणून काट्यापाशी आपलं माणूस उभं पाहिजे आणि वजन आपल्या वहीत त्याच वेळी उतरलं पाहिजे. एका गाडीत चार घरांचा माल असेल तर भाडं पिशव्यांवर वाटा, आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी मागा.

अडत्याला सांगायचं एवढंच: 'खर्च' लिहू नका, ओळी लिहा, तारीख, परवाना नंबर आणि सही घाला. नाही म्हणाला तर जुनी पट्टी आणि आपली वही घेऊन बाजार समितीच्या सचिवाकडं लेखी अर्ज द्यायचा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. हमाली-तोलाईचे ठरलेले दरही तिथंच विचारायचे.

पुढच्या बैठकीला घरात असतील तेवढ्या पट्ट्या घेऊन या. एकेक फोडून लिहू.